चल सरासरी आणि घातांकी समतलन

चल सरासरी आणि घातांकी समतलन या कालश्रेणीवरून पुढच्या काळाचा अंदाज बांधण्याच्या दोन प्राथमिक पद्धती आहेत. जिथे ठळक चढता-उतरता कल किंवा हंगाम नाही आणि आकडे एका पातळीभोवती हेलकावे खातात, तिथे त्या वापरतात. पूर्वानुमानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात त्या आठ-दहा आकड्यांच्या छोट्या श्रेणीवर शिकवल्या जातात. हिशेब हाताने होतो हे त्याचे कारण, पण श्रेणी छोटी असल्यामुळेच काही चुका झाकल्या जातात.

उदाहरणादाखल एका किराणा दुकानात आठ आठवड्यांत विकलेले तांदळाचे कट्टे घेऊ: २०, २३, १७, २२, २१, २९, ३१, ३०. सहाव्या आठवड्यापासून विक्रीची पातळी वर सरकलेली नजरेला दिसते. पद्धतीला मात्र ते हळूहळूच कळते.

तीन आठवड्यांच्या चल सरासरीत शेवटच्या तीन आकड्यांची सरासरी हाच पुढच्या आठवड्याचा अंदाज असतो. पहिल्या तिन्हींची सरासरी २०, म्हणून चौथ्या आठवड्याचा अंदाज २०. त्यानंतरचे अंदाज २०.६७, २०, २४ आणि २७ येतात, नवव्या आठवड्यासाठी ३०. सरासरी ज्या आठवड्यांची काढली त्यांच्यापुढच्या ओळीत ती लिहायची असते. एक्सेलच्या तयार साधनात मात्र ती तिसऱ्या आकड्यासमोरच येते. ती तशीच अंदाज म्हणून वापरली, तर ज्या आकड्याचा अंदाज करायचा तोच सरासरीत आधीच मिसळलेला असतो, आणि चूक फसवी लहान दिसते.

घातांकी समतलनात जुना अंदाज आणि त्यात झालेली चूक एवढेच लागते:

```
F(t+1) = F(t) + α × (Y(t) − F(t))
```

येथे Y म्हणजे प्रत्यक्ष आकडा, F म्हणजे अंदाज. α हा ० ते १ मधला गुणक चुकीचा किती भाग पुढच्या अंदाजात घ्यायचा ते ठरवतो. मागच्या आकड्यांचे वजन प्रत्येक पावलाला (१ − α) पटीने घटत जाते, पण कोणताही आकडा एकदम गळत नाही. प्रत्येक वस्तूमागे एकच अंदाज जपावा लागतो, म्हणून हजारो वस्तूंच्या साठ्यासाठी ही पद्धत सोयीची ठरली. रॉबर्ट जी. ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढण्याच्या कामात ती वापरली आणि पुढे साठा-नियंत्रणाकडे वळवली.

दुसऱ्या आठवड्याचा अंदाज म्हणून पहिला आकडा २० धरला आणि α = ०.५ घेतला, तर चौथ्या ते आठव्या आठवड्याचे अंदाज १९.२५, २०.६३, २०.८१, २४.९१ आणि २७.९५ येतात. नवव्याचा २८.९८. α = ०.२ घेतला तर नवव्याचा अंदाज २५.१४ वरच अडकतो, कारण मधल्या उडीचा थोडाच भाग त्याने घेतलेला असतो.

तुलना करताना तिन्हींच्या चुका त्याच आठवड्यांवर मोजायला हव्यात. चल सरासरीला पहिला अंदाज चौथ्या आठवड्यात मिळतो, म्हणून समतलनाच्याही चौथ्यापासूनच्याच चुका घ्यायच्या. त्या हिशेबाने सरासरी निरपेक्ष चूक चल सरासरीची ४.२७ कट्टे, α = ०.५ ची ३.८९ आणि α = ०.२ ची ५.२६. पण पाच चुकांपैकी सर्वात मोठी एकाच उडीतून आली आहे, तेव्हा ०.५ हा चांगला गुणक आहे असा निष्कर्ष घाईचा ठरेल. उडी नसती तर कदाचित ०.२ जिंकला असता.

छोट्या श्रेणीत खरी अडचण सुरुवातीच्या अंदाजाची असते. α = ०.२ असताना आठ आठवड्यांनंतरही आरंभीच्या २० चे वजन ०.८ चा सातवा घात, म्हणजे सुमारे २१ टक्के राहते. आरंभ २० ऐवजी २५ धरला असता, तर नवव्या आठवड्याचा अंदाज एका कट्ट्याहून अधिक वाढला असता. α = ०.५ ला हे वजन एक टक्क्याच्याही आत येते. म्हणून लहान α वापरताना आरंभ कुठून घेतला हे उत्तरासोबत लिहिणे गरजेचे आहे. एक्सेलमध्ये आणखी एक खोच आहे: ते α विचारत नाही, Damping factor विचारते, आणि तो १ − α असतो. ०.२ हवा असेल तर तिथे ०.८ भरावे लागते.

पद्धत मागे पडते आहे का, हे चुकांच्या चिन्हांवरून कळते. वरच्या श्रेणीत सहा, सात, आठ या तिन्ही आठवड्यांत प्रत्यक्ष विक्री अंदाजाहून जास्त आहे. चुका सलग एकाच बाजूला पडू लागल्या की पातळी तरी हलली आहे किंवा कल सुरू झाला आहे. विक्री दर आठवड्याला ठरावीक b कट्ट्यांनी वाढत राहिली, तर समतलनाचा अंदाज कालांतराने b/α ने मागे राहतो. α = ०.५ ला ते दोन आठवड्यांच्या वाढीएवढे अंतर, आणि तीन आठवड्यांच्या चल सरासरीचेही तेवढेच. अशा वेळी कलाचे वेगळे समीकरण असलेली होल्टची पद्धत (१९५७) लागते. या दोन्ही साध्या पद्धतींचा अंदाज दहाव्या, अकराव्या आठवड्यासाठीही नवव्यासारखाच, सपाट राहतो.