उघड्या खडकाला कशाची उणीव असते?

नववीच्या वर्गात अनुक्रमण, म्हणजे एकाच जागी एकामागून एक वेगवेगळ्या वनस्पती येत जाण्याची प्रक्रिया, शिकवताना फळ्यावर बहुधा एकच आकृती काढली जाते. डावीकडे उघडा खडक, त्यानंतर दगडफूल, मॉस, गवत, झुडपे, उजव्या टोकाला घनदाट वृक्ष आणि या सर्वांना जोडणारे बाण. आकृती खोटी नाही. मात्र त्या बाणांच्या जागी नेमके काय घडते हे ती सांगत नाही, आणि त्यामुळे पुरेसा काळ लोटला की कोणत्याही खडकाचे आपोआप जंगल होते, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसते. ही समजूत तपासायची असेल, तर आधी खडकात काय असते आणि काय नसते हे पाहावे लागते.

वनस्पतीला लागणारी बहुतेक खनिजे खडकातच असतात. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, थोडाफार फॉस्फरस हे सर्व तिथे बंदिस्त असते आणि खडक झिजेल तसे हळूहळू मोकळे होते. बहुतेक खडकांत जवळजवळ नसतो तो नायट्रोजन. प्रथिने आणि डीएनए यांसाठी तो अपरिहार्य आहे, आणि हवेचा 78 टक्के भाग नायट्रोजनच आहे. तरीही वनस्पतीला हवेतील नायट्रोजन थेट वापरता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडण्याची हातोटी फक्त काही सूक्ष्मजीवांकडे आहे. म्हणून उघड्या खडकावर जंगल कसे येते, या प्रश्नाचा मोठा भाग तिथे नायट्रोजन कोण आणतो, या प्रश्नात सामावलेला आहे.

पहिले वसाहतकरी अनेकदा दगडफुले असतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडते तेही दगडफूलच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. बुरशी आधार आणि ओलावा देते, शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न पुरवते. दगडफुलांतून स्रवणारी आम्ले खडकाचा पृष्ठभाग खातात आणि बुरशीचे तंतू खनिजकणांच्या फटींत शिरून ते सैल करतात. काही दगडफुलांत साध्या शैवालाऐवजी नीलहरित जिवाणू असतात, आणि हे जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधू शकतात. मात्र अखंड कातळावर हे काम अतिशय मंद चालते, इतके की एका माणसाच्या आयुष्यात त्यातून मातीचा पातळ थर साचला तरी खूप झाले. हीच प्रक्रिया पुढे कशी सरकते हे पाहण्यासाठी जिथे निसर्गाने खडक आधीच भरडून ठेवला आहे, अशी जागा सोयीची ठरते.

अलास्काच्या आग्नेय भागातील ग्लेशियर बे ही तशी जागा आहे. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील नावाडी तिथे पोहोचले, तेव्हा आज जिथे लांबलचक उपसागर आहे तिथे त्यांना जवळजवळ सलग बर्फाची भिंत दिसली. त्यानंतर हिमनदी वेगाने मागे सरत गेली. 1916 पर्यंत तिची कड उपसागराच्या मुखापासून सुमारे 100 किलोमीटर आत गेली होती. बर्फाखालून बाहेर आलेली जमीन म्हणजे हिमनदीने भरडलेल्या दगडगोट्यांचा आणि बारीक भुकटीचा ढीग होता. त्यात ना बी होते, ना मूळ, ना कुजलेले पान. उपसागराच्या मुखाकडून आत जाताना जमीन अधिकाधिक नवी होत जाते, त्यामुळे होडीत बसून अनुक्रमणाच्या पायऱ्या उलट्या क्रमाने पाहता येतात.

बर्फाच्या कडेजवळ, काही वर्षांपूर्वी उघड्या पडलेल्या जमिनीवर, सूक्ष्मजीवांची काळपट पापुद्र्यासारखी साय, मॉस आणि काही तुरळक रोपे दिसतात. थोडे पुढे गेले की ड्रायस नावाची जमिनीला चिकटून पसरणारी चटईसारखी वनस्पती लागते. त्यानंतर येतात आल्डरची झुडपे, इतकी दाट की त्यांतून वाट काढणे कठीण. या आल्डरजवळ थोडे थांबू, कारण फळ्यावरच्या बाणात जे लपलेले असते त्यातील बरेचसे इथे मुळाशी दिसते.

आल्डरचे मूळ उकरले तर त्यावर पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठींचे झुबके सापडतात. आपल्याकडे हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी असतात, तशाच या. फक्त इथला जिवाणू वेगळा आहे, त्याचे नाव फ्रँकिया. ड्रायसच्या मुळांवरही तोच असतो. फ्रँकियाकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते आणि तेच तो तिहेरी बंध तोडून अमोनिया तयार करते. हे काम महागडे आहे. नायट्रोजनचा एक रेणू फोडण्यासाठी पेशीला ऊर्जेच्या एटीपी या चलनाचे निदान सोळा रेणू खर्च करावे लागतात, आणि ती ऊर्जा आल्डर आपल्या पानांत बनवलेल्या साखरेतून पुरवतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की प्राणवायूचा स्पर्श झाला की हे विकर निकामी होते. म्हणून फ्रँकिया आपल्या तंतूंच्या टोकांना जाड, अनेकपदरी भिंतीच्या सूक्ष्म पुटिका तयार करतो आणि विकर त्यांच्या आत ठेवतो. इतका खर्च उघड्या जमिनीवरच परवडतो, जिथे ऊन मुबलक आणि नायट्रोजन दुर्मीळ असतो.

ही कमाई आल्डर स्वतःपुरती ठेवत नाही. बहुतेक पानगळी झाडे पान गाळण्यापूर्वी त्यातील नायट्रोजन परत खोडात ओढून घेतात, म्हणून पाने पिवळी पडून गळतात. आल्डरला ही काटकसर करण्याची फारशी गरज नसल्याने त्याची पाने शरद ऋतूत बरीचशी हिरवीच गळतात आणि नायट्रोजनसह मातीत कुजतात. ग्लेशियर बेमध्ये आल्डरखालील जमिनीत दर वर्षी हेक्टरी सुमारे 50 किलो नायट्रोजन साचत असल्याचे मोजले गेले आहे. आपल्या शेतीच्या हिशेबात सांगायचे तर हे साधारण एकरी एक गोणी युरिया टाकण्यासारखे झाले, आणि तेही दर वर्षी.

त्याच वेळी माती रासायनिकदृष्ट्याही बदलते. ताज्या भुकटीत चुनखडीचा अंश असल्याने तिचा सामू सुरुवातीला 8 च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो. पानांच्या कुजण्यातून आम्ले निघतात, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होताना हायड्रोजनचे आयन मोकळे होतात, चुना विरघळून वाहून जातो आणि काही दशकांत वरच्या थराचा सामू 5 पर्यंत उतरतो. अशा आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या मातीत सिटका स्प्रूस हा उंच सूचिपर्णी वृक्ष चांगला वाढतो. गंमत अशी की आल्डर त्याला मदत करतो तसा अडवतोही. दाट सावली, मुळांची स्पर्धा आणि पानांचा जाड थर यांमुळे स्प्रूसची कोवळी रोपे दबून राहतात. तरीही जी तगतात ती आल्डरपेक्षा कितीतरी उंच जातात आणि अधिक काळ जगतात. एकदा स्प्रूसची सावली पडली की उन्हावर जगणारा आल्डर हटतो. म्हणजे आल्डर स्प्रूससाठी जागा करून देतो, हे वाक्य अर्धेच खरे आहे.

इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकाशी बऱ्यापैकी जुळते. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. शंभर वर्षे एकाच जागी बसून राहणे कोणाला शक्य नसते. म्हणून शास्त्रज्ञ दहा वर्षे जुनी जमीन, पन्नास वर्षे जुनी जमीन आणि दोनशे वर्षे जुनी जमीन शेजारी शेजारी ठेवून पाहतात आणि पहिली जमीन पुढे दुसरीसारखी, मग तिसरीसारखी होईल असे मानतात. हे मानणे धोक्याचे असू शकते. क्रिस्टोफर फास्टी यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाडांच्या खोडांतील वार्षिक वलये वाचून प्रत्येक जागेचा इतिहास मांडला, तेव्हा उपसागराच्या मुखाजवळच्या जुन्या जंगलांत आल्डरचा दाट टप्पा मुळी आलाच नव्हता असे दिसले. तिथे जुने जंगल जवळ असल्याने स्प्रूसचे बी सुरुवातीलाच पोहोचले होते. आतल्या भागात बी देणारी झाडे दूर होती, म्हणून तिथे आल्डरला मोकळे रान मिळाले. थोडक्यात, आज आल्डरने झाकलेली जमीन उद्या मुखाजवळच्या जंगलाची हुबेहूब प्रत होईलच, असे नाही.

यावर उपाय एकच: तीच जागा पुन्हा पुन्हा मोजणे. विल्यम कूपर या परिस्थितिकीतज्ज्ञांनी 1916 मध्ये नेमके तेच सुरू केले. एक मीटर बाजूचे चौकोन आखून त्यांनी त्यांतील प्रत्येक रोपाची नोंद केली, आणि त्यांच्यानंतर इतरांनी ते काम पुढे चालवले. मधल्या काळात विस्मरणात गेलेले हे चौकोन ब्रायन ब्यूमा आणि सहकाऱ्यांनी शंभर वर्षांनी, 2016 च्या सुमारास, जुन्या टिपणांच्या आधारे पुन्हा शोधून काढले. सुरुवातीच्या वर्षांत चौकोनात कोण पोहोचले आणि तगले, याचा ठसा शतकानंतरही तिथे दिसत होता.

आता आपल्याकडे पाहू. कोकणातील कातळसडे आणि साताऱ्याजवळचे कासचे पठार ही उघडी खडकाळ भूमी माणसाच्या आठवणीच्या कितीतरी आधीपासून तशीच आहे. तिथे पाऊस ग्लेशियर बेपेक्षा कमी नाही. पण तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो, जी थोडी माती साचते ती धुऊन नेतो, आणि उरलेले महिने जांभ्याचा कठीण थर तापत राहतो. त्या थरातून मुळांना खाली उतरता येत नाही. नायट्रोजनची उणीव इथेही तीच, आणि तिचा पुरावा पावसाळ्यात पायाशीच फुललेला असतो: सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. मातीत न मिळणारा नायट्रोजन त्या कीटक आणि सूक्ष्म जलचर पचवून मिळवतात. अशा सड्यावर खड्डे खणून, बाहेरची माती भरून झाडे लावणे आणि त्याला ‘ओसाड जमिनीचे हरितीकरण’ म्हणणे हे अनुक्रमणाला दिलेले प्रोत्साहन नव्हे. तिथे आधीच पूर्ण असलेल्या एका परिसंस्थेवर टाकलेला तो भराव आहे. ‘दोन वर्षांत जंगल’ अशा जाहिरातींतही भरपूर खत घातलेल्या मातीत दाटीने लावलेली रोपे असतात, म्हणजे वर वर्णन केलेला सर्वांत अवघड टप्पा माणसाने फावड्याने ओलांडलेला असतो.

वर्गाला सडा जवळ असेल तर एक साधी मोजणी करता येते. पातळ लोखंडी सळईवर सेंटीमीटरच्या खुणा करायच्या आणि जिथे वनस्पती बदलते तिथे ती मातीत हलकेच खोचून खोली नोंदवायची. उघड्या कातळावर दगडफूल आणि मॉस असेल, उथळ खळग्यांत पावसाळी गवत आणि कीटकभक्षी रोपे, आणि जिथे कातळाला भेग पडून माती टिकली आहे तिथे करवंद किंवा अंजनीचे झुडूप. फळ्यावरची आकृती इथे काही पावलांच्या अंतरात दिसते, पण हे टप्पे एकामागून एक आलेले असतीलच असे नाही. ते मातीच्या खोलीनुसार शेजारी शेजारी, वर्षानुवर्षे एकत्र नांदत असू शकतात. यांतील काय खरे, हे एका पावसाळ्याच्या मोजणीतून ठरत नाही. त्यासाठी चौकोनाच्या चारही कोपऱ्यांची खूण आणि वहीतील नोंद पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी लागते.