ओवीच्या डब्याविषयी, वर्गशिक्षिकेस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

ओवीला सिलिॲक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातले घटक तेच शोषून घेतात. हल्ल्यात ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवलं तरी त्याला लोह आणि कॅल्शियम पुरत नाही, रक्त कमी होतं, उंची खुंटते. यावर अजून औषध नाही. ग्लुटेन पूर्ण बंद ठेवलं की आतडं हळूहळू भरून येतं.

'थोडंसं खाल्लं तर काय होतं?' असं पुष्कळ जण विचारतात, म्हणून हिशेबच सांगते. एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, म्हणजे पोळीचा जेमतेम अडीचशेवा भाग. शेजारच्या मुलाच्या डब्याच्या झाकणावर पोळीचा चुरा आहे आणि ओवीने आपली भाकरी त्यावर ठेवली, तर तेवढ्यानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्या दिवशी तिचं पोट दुखेलच असं नाही. काहीच त्रास दिसला नाही तरी आत इजा होत असते, त्यामुळे 'मागे खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं' यावर कृपया विसंबू नका.

तिच्या डब्यात भाकरी, इडली, पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी असते. भाकरीचं पीठ मी वेगळ्या घरघंटीवर दळते, कारण गिरणीत आधी गहू दळला असेल तर तो ज्वारीत मिसळतो. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. म्हणून शाळेतली खिचडी तांदळाची असली, तरी तिला देऊ नये. वाढदिवसाचा केक आणि बिस्किटंही नकोत.

ग्लुटेन हाताला लागून काही होत नाही, तोंडात गेलं तरच बाधतं. हस्तकलेसाठी कणकेचा गोळा किंवा मैद्याची खळ वापरली, तर नंतर तिला साबण-पाण्याने हात धुवायला लावा. सॅनिटायझरने ग्लुटेन निघत नाही. डबा खाताना बाकावर तिचा स्वतःचा रुमाल अंथरलेला असावा.

चुकून काही खाल्लं गेलंच तर उलटी काढायला लावू नका. काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं मला फोनवर कळवा. तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर थोडं थोडं पाणी द्या, मी लगेच न्यायला येईन. तिला मात्र रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

वर्गाच्या कपाटात ठेवायला तिच्या नावाच्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू पाठवते आहे. वर्गात खाऊ वाटला जाईल तेव्हा तिला त्यातला एक द्या.

आपली,
ओवीची आई