पुस्तकाच्या पानावरचा पांढरा डाग : एपिस्कोपपासून व्हिज्युअलायझरपर्यंत

वर्गात व्हिज्युअलायझर, म्हणजे खालचं पान वरून टिपून पडद्यावर दाखवणारा कॅमेरा, आला की पहिली तक्रार ठरलेली असते. वहीचं पान छान दिसतं, पण पाठ्यपुस्तकाचं गुळगुळीत पान ठेवलं की मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमकी आकृतीच गायब होते. कॅमेरा स्वस्तातला म्हणून असं होतं, हा सर्वसाधारण समज. डागाचं कारण मात्र प्रकाश कुठून येतो यात असतं, आणि ही अडचण कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे.

अपारदर्शक कागद मोठा करून भिंतीवर दाखवायची कल्पना अठराव्या शतकातली. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी असं एक उपकरण सुचवलं होतं. पुढे त्यातूनच एपिस्कोप आणि, काचेच्या स्लाइडही दाखवणारा म्हणून, एपिडायस्कोप आला. आपल्याकडच्या जुन्या विज्ञान महाविद्यालयांत हे अवजड काळं धूड अनेकांनी पाहिलेलं असेल. त्यात पानावर झगझगीत दिवा मारायचे आणि पानावरून उलटणारा उजेड आरसा व भिंगातून पडद्यावर न्यायचे. कागद मात्र उजेड चारी दिशांना उधळतो, भिंगात त्यातला थोडाच शिरतो. म्हणून दिवा प्रखर लागे, खोली पूर्ण काळोखी लागे, आणि पान तापून वाकायचं. जास्तीत जास्त उजेड पकडण्यासाठी भिंगाचं तोंड मोठं ठेवलेलं असे. मोठ्या तोंडाच्या भिंगातून एका वेळी वरखाली थोडाच भाग स्पष्ट दिसतो, त्यामुळे जाडजूड पुस्तकाच्या मधल्या घळीतला मजकूर अंधूकच राही. त्यावर उपाय एकच : वरून काच दाबून पान सपाट करणे.

चकाकीचा प्रश्न मात्र त्या जुन्या यंत्रात बऱ्यापैकी सोडवलेला होता. दिवे बंद पेटीत तिरपे बसवलेले असत. त्यामुळे पानावरून आरशासारखा उसळणारा उजेड भिंगाला चुकवून बाजूला जाई.

मग ओव्हरहेड प्रोजेक्टरनं, म्हणजे ओएचपीनं, हा प्रश्नच काही दशकं पुसून टाकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात तो वापरला गेला आणि 1960 च्या दशकात फ्रेनेल भिंगाची, म्हणजे पातळ, खाचा असलेल्या सपाट भिंगाची हलकी, स्वस्त यंत्रं आल्यावर शाळा-कॉलेजांत पसरला. यात उजेड ट्रान्स्परन्सीच्या, म्हणजे पारदर्शक फिल्मच्या, आरपार जातो, पृष्ठभागावरून उलटून येत नाही. म्हणून चित्राला चकाकी नाही, आणि खोलीही फारशी काळोखी करावी लागत नाही. शिक्षक वर्गाकडे तोंड करून लिहू शकतो, ही सोय वेगळीच. (त्या प्रखर काचेनं शिक्षकाचे डोळे दिपायचे, ते वेगळं.) किंमत एवढीच की प्रत्येक गोष्ट आधी पारदर्शक फिल्मवर उतरवावी लागे. पुस्तक, पान-फूल किंवा विद्यार्थ्याची वही थेट दाखवता येत नसे.

ती गरज भागवायला व्हिज्युअलायझर आला. ऑस्ट्रियाच्या वोल्फव्हिजन आणि जपानच्या एल्मो या कंपन्यांची पहिली यंत्रं 1988 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात भरलेल्या फोटोकिना प्रदर्शनात मांडली गेली. वरती व्हिडिओ कॅमेरा, खाली पान. प्रकाश पुन्हा पानावरून उलटून येऊ लागला, म्हणजे एपिस्कोपचं जुनं दुखणं परत आलं. टेबलावरच्या बऱ्याच व्हिज्युअलायझरना दोन बाजूंना दोन लांब हात आणि त्यांच्या टोकाला दिवे असायचे. ते केवळ उजेड वाढवायला नव्हते, उजेड तिरपा पाडायला होते. पुढे स्वस्त यूएसबी मॉडेलं आली तेव्हा अनेकांतून हे हात गेले आणि भिंगाशेजारीच एक छोटा एलईडी बसला. भिंगापासून तीन सेंटीमीटरवरच्या एलईडीचं प्रतिबिंब सपाट पानावर भिंगाखालच्या बिंदूपासून दीड सेंटीमीटरवर, म्हणजे चित्राच्या जवळजवळ मध्यावर दिसतं. गुळगुळीत पानासाठी तो एलईडी सरळ बंद करावा.

बाकीचा डाग छतावरच्या ट्यूबचा. त्याचा हिशेब करून बघू. ए-4 पान आडवं ठेवलं आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साधारण 15 सेंटीमीटर. कॅमेरा पानाच्या मध्यावर 40 सेंटीमीटर उंचीवर आहे. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणून पानाच्या कडेवरून कॅमेऱ्यात शिरू शकणारा किरण बाहेरून येताना दर 40 सेंटीमीटर उंचीला 15 सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. ट्यूब टेबलापासून दोन मीटर वर असेल तर हे सरकणं 75, त्यात पानाचे 15 मिळवले की 90. म्हणजे पानाच्या लांबीच्या दिशेनं कॅमेऱ्याच्या दोन्हीकडे 90 सेंटीमीटरच्या पट्ट्यात ट्यूब आली की तिची चकाकी पानावर कुठेतरी दिसणारच. कॅमेरा 60 सेंटीमीटरवर नेला तर हीच मर्यादा 65 वर येते. उंच स्टँड आणि खरं झूम भिंग असलेली यंत्रं महाग का पडत, याचं एक उत्तर इथे आहे.

व्हिज्युअलायझरऐवजी स्टँडवर फोन लावला तर त्याला उंच नेण्याला मात्र मर्यादा आहे. चित्राच्या 1920 टिंबांच्या, म्हणजे पिक्सेलच्या, रुंदीत आडवं ए-4 पान भरलं तर दर सेंटीमीटरला सुमारे 65 टिंबं मिळतात. फोन दुप्पट उंच नेऊन नुसतं डिजिटल झूम केलं की ती निम्मी होतात आणि पाठ्यपुस्तकातला बारीक मजकूर विरघळतो. तेव्हा उंची वाढवण्याऐवजी टेबलच सरकवून ट्यूबच्या पट्ट्यातून बाहेर काढणं सोपं. वेगळा दिवा लावायचा तर तो लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, पानापासून दूर आणि कमी उंचीवर. वर धरलेल्या मापात 30 सेंटीमीटर उंचीचा दिवा मध्यापासून 26 सेंटीमीटरपेक्षा दूर असला की त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला चुकवतं. 40 ठेवला तर निश्चिंती. हा हिशेब सपाट पानाचा. पुस्तकाचं पान मध्ये फुगलं असेल आणि कागद 10 अंश कलला असेल तर परावर्तन 20 अंशांनी वळतं, आणि लांबची खिडकीही पानात दिसू लागते. त्यावर अजूनही हातानं पान दाबणं हाच उपाय, एपिस्कोपच्या काळासारखा. फक्त वर काच ठेवू नये, तिचीच चकाकी येते.

2020 च्या टाळेबंदीत घरातल्या वस्तूंचे व्हिज्युअलायझर झाले. दोन डब्यांवर फ्रिजमधला पारदर्शक ट्रे आणि त्यावर फोन, हा एक फोटो तेव्हा समाजमाध्यमांवर बराच फिरला. कल्पक होताच; पण ट्रेचं प्लास्टिक भिंगासमोर येतं आणि त्यावरचा ओरखडा, धूळ व उजेड चित्रात मिसळतो. भिंगाखाली भोक किंवा मोकळी जागा ठेवणं बरं. हातानं जुळवलेल्या स्टँडची दुसरी खोड म्हणजे थरथर. लिहिताना टेबल हलतं, कॅमेरा त्याच टेबलावर असेल तर तोही हलतो. ओएचपीला हा त्रास जाणवत नसे, कारण डोकं आणि पान एकाच जड पेटीवर बसलेले असत. लांब हाताचा स्टँड असेल तर पाया टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळावा. त्याहून बरं म्हणजे स्टँड शेजारच्या वेगळ्या स्टुलावर ठेवावा.

फोकसचं काम एके काळी हातानं फिरवायच्या खुंटीचं होतं. आता ते ऑटोफोकसकडे गेलं आणि नवी अडचण आली. हात पानावर आला की कॅमेरा हाताकडे धावतो, काढला की पानाकडे परततो, दरम्यान चित्र श्वास घेतल्यासारखं फुगतं. कोऱ्या पानावर तर त्याला पकडायला काही सापडतच नाही. म्हणून आधी छापील पान ठेवून फोकस होऊ द्यावा आणि तिथेच तो कुलूपबंद करावा. आयफोनच्या कॅमेऱ्यात बोट दाबून ठेवलं की पडद्यावर AE/AF LOCK उमटतं; त्यानं उजेडाचं मापही गोठतं आणि हात आला म्हणून कागद काळवंडत नाही. चित्रावरून आडवे करडे पट्टे सरकत असतील तर ते फोकसचं काम नव्हे. आपली वीज 50 हर्ट्झची आणि कॅमेरा 60 वर बसवलेला, असा तो प्रकार असतो. सेटिंगमध्ये 50 Hz निवडलं की पट्टे जातात.