घर पुरात पडले किंवा जळाले, लांब रजा हवी आहे? अर्ज टाइप करायला येण्याआधी हे वाचा

(तहसील कार्यालयासमोरील आमच्या टंकलेखन, झेरॉक्स व ऑनलाइन सेवा केंद्राकडून ग्राहकांसाठी)

पावसाळ्यात वैनगंगा चढली की आमच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो. "भाऊ, पंचनामा तं आहे ना, मंग साहेबानं रजेचा अर्ज परत कायले केला?" ऑगस्ट २०२० च्या शेवटी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हाही हेच ऐकले. उन्हाळ्यात तणसाच्या ढिगाला आग लागून घरापर्यंत गेली की पुन्हा तेच. प्रत्येकाला वेगळे समजावताना मागची रांग थांबते, म्हणून एकदाच लिहून ठेवले आहे.

हे माहितीपत्रक मुख्यतः जिल्हा परिषद, पंचायत समिती, महसूल अशा राज्य शासनाच्या नियमांत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. खाजगी कंपनीत किंवा गिरणीत असाल तर रजेचे नियम तिथले असतात. ते आधी तुमच्या ऑफिसात विचारून या. कागद मात्र बहुतेक हेच लागतात.

पंचनामा नुकसान सांगतो, दिवस सांगत नाही

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. लोक अर्जात "घराची दुरुस्ती होईपर्यंत रजा मिळावी" एवढेच लिहितात आणि खाली पंचनाम्याची झेरॉक्स लावतात. आस्थापनेचा बाबू काही तुमचा वैरी नसतो. त्याला रजेच्या हिशेबात 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा भराव्या लागतात. "होईपर्यंत" ही तारीख नव्हे. तारखा लिहिल्या, तरी इतके दिवस कशाला लागतात हे पंचनाम्यातून कळत नाही.

त्यात एक गोची आहे. पंचनाम्यात घर 'पूर्णतः' की 'अंशतः' पडले एवढाच शेरा असतो, कारण तो मदतीच्या रकमेसाठी केलेला असतो. मदतीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेले घरही 'अंशतः' आणि मागची अख्खी भिंत गेलेले घरही 'अंशतः'. साहेब तो शब्द वाचतो आणि म्हणतो, "अंशतः आहे तर महिनाभर कशाला?" म्हणून दिवसांचा हिशेब सांगणारा वेगळा कागद लागतो. ज्या गवंड्याला किंवा ठेकेदाराला काम दिले, त्याच्याकडून एका पानाचे अंदाजपत्रक घ्या. त्यात रकमेसोबत कोणते काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे लिहिलेले असावे आणि खाली त्याची सही व मोबाइल नंबर असावा. गवंडी सांगेल ते आम्ही टाइप करून देतो. त्याने आमच्याकडे येण्याची गरज नाही, फोनवर सांगितले तरी चालते. सही मात्र त्याचीच लागते.

एक हिशेब मांडून दाखवतो

समजा, पंचायत समितीतल्या एका लिपिकाच्या गावात शनिवारी १२ जुलैच्या रात्री पाणी शिरले. घर मातीच्या भिंतीचे, वर कवेलू. सोमवारी १४ तारखेला त्याने साहेबांना फोन केला आणि त्याच दिवशी चार ओळींचे लेखी पत्र पुतण्याच्या हाती ऑफिसात पोचवून पोच घेतली. नुसत्या फोनवर राहू नका. पुढे 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा निघाला तर ती पोच कामाला येते.

पाणी उतरले, १६ ला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करून गेले. त्या दिवशी भिंती उभ्या होत्या. १९ ला ऊन पडले आणि मागची भिंत सांदवाडीत बसली. मातीच्या घराचे असेच असते. पाणी असताना भिंत टिकते आणि पाणी ओसरल्यावर, पाया खचला की जाते. पहिल्या पंचनाम्यात ही भिंत नव्हतीच. त्याने लगेच फोटो काढले, तलाठ्याकडे लेखी अर्ज दिला आणि २२ ला फेरपंचनामा झाला. हे केले नसते तर कागदावर उभी असलेली भिंत बांधायला रजा मागितल्यासारखे झाले असते. म्हणून फेरपंचनामा होईपर्यंत ढिगारा उचलू नका. अगदीच वाट अडत असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा.

गवंड्याने हिशेब दिला तो असा: गाळ काढणे आणि पाया सुकू देणे २३ जुलैपर्यंत, विटांची भिंत २४ जुलै ते २ ऑगस्ट, भिंतीला आठवडाभर पाणी मारणे ९ ऑगस्टपर्यंत, मग छत आणि वायरिंग १४ ऑगस्टपर्यंत. म्हणजे रजा १४ जुलै ते १४ ऑगस्ट, ३२ दिवस. मधले शनिवार-रविवार अर्जित रजेत मोजले जातात, ते सुटत नाहीत. पण टोकाच्या सुट्ट्या वाचवता येतात. १५ ऑगस्ट शुक्रवारी, पुढे शनिवार-रविवार. त्याने १५ ते १७ ऑगस्ट या सुट्ट्या रजेच्या शेवटी आणि १२-१३ जुलै सुरुवातीला जोडण्याची परवानगी मागितली. सरळ '१७ ऑगस्टपर्यंत' लिहिले असते तर ३५ दिवस खर्ची पडले असते. तो १८ ला हजर झाला.

त्याच्या खात्यावर ४६ दिवस शिल्लक होते. १ जानेवारी आणि १ जुलै, अशा दोन वेळा १५-१५ दिवस अर्जित रजा जमा होते, त्यामुळे जुलैतल्या पुरात ताजी जमा हाताशी असते. तुमची शिल्लक किती हे आमच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. सेवापुस्तकातून विचारून या. शाळा मास्तरांना सुट्ट्यांमुळे अर्जित रजेचा हिशेब वेगळा असतो, त्यांनी मुख्याध्यापकांना आधी विचारावे.

किरकोळ रजा मधे घालू नका

आमच्या ग्राहकांची ही दुसरी सवय. पहिले तीन दिवस किरकोळ रजा टाकायची आणि चौथ्या दिवसापासून अर्जित रजा मागायची. किरकोळ, म्हणजे नैमित्तिक रजा दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही. अर्ज परत येतो, तारखा बदलतात, मग अंदाजपत्रकाशी मेळ बसत नाही आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागते. लांब रजा लागणार हे दिसत असेल तर पहिल्या दिवसापासूनच अर्जित रजा लिहा.

अर्जित रजा पुरत नसेल तर उरलेल्या दिवसांसाठी अर्धपगारी रजा मागता येते, ती खाजगी कारणासाठीही मिळते. तिची परिवर्तित रजा करून पूर्ण पगार घ्यायचा तर वैद्यकीय दाखला लागतो. म्हणून काही जण म्हणतात, "भाऊ, एखादा डॉक्टरचा दाखला जमवून द्या." आम्ही ते करत नाही आणि करणारा माणूसही सांगत नाही. घर पडल्याचा पंचनामा आणि कावीळ झाल्याचा दाखला एकाच फायलीत निघाले तर रजा राहते बाजूला, चौकशी लागते. मागच्या तारखेचा अर्जही आम्ही टाइप करत नाही. यावरून ग्राहक रागावून गेले आहेत, तरी आमचे तेच धोरण आहे.

घर कोणाच्या नावावर आहे?

पंचनाम्यावर नाव वडिलांचे, सासऱ्याचे, कधी वारलेल्या आजोबांचे असते. ऑफिसात विचारतात, "यात तुम्ही कुठे?" तेव्हा घराचा उतारा लागतो आणि इथे हमखास चूक होते. लोक तलाठ्याचा आठ-अ घेऊन येतात. तो वावराचा. घराचा पाहिजे तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, कर आकारणीचा, ग्रामसेवकाकडून मिळतो. त्यासोबत तुमचे आणि घरमालकाचे नाव असलेल्या शिधापत्रिकेची प्रत लावा. सेवापुस्तकात 'स्वग्राम' म्हणून हेच गाव नोंदलेले असेल तर अर्जात एक ओळ टाका, बाबूला शोधावे लागत नाही.

आगीच्या बाबतीत तलाठ्याच्या पंचनाम्याशिवाय पोलीस ठाण्यातल्या जळिताच्या नोंदीची प्रत घ्या. नगरपरिषदेची अग्निशमन गाडी आली असेल तर तिथला दाखलाही घ्या. शिधापत्रिका, आधार असे कागदच जळाले असतील तर तेही पोलीस नोंदीत लिहून घ्या, नंतर दुय्यम प्रत काढताना उपयोगी पडते. आधारची प्रत आम्ही लगेच काढून देतो.

अर्जाचा मजकूर

छापील नमुन्यात कारणासाठी जागा दोन बोटांची असते. म्हणून सोबत एक पत्र जोडतो, त्याचा गाभा असा:

"दि. १२ जुलै रोजी रात्री मौजा ___ येथे आलेल्या पुरात माझ्या वडिलांच्या नावे असलेल्या व आमचे कुटुंब राहत असलेल्या घराची मागील भिंत व छत पडले आहे. पंचनामा, फेरपंचनामा, ग्रामपंचायत नमुना ८, शिधापत्रिका व दुरुस्तीचे तारीखवार अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. तरी दि. १४ जुलै ते १४ ऑगस्ट अशी ३२ दिवसांची अर्जित रजा, मागील-पुढील सुट्ट्या जोडण्याच्या परवानगीसह, मंजूर व्हावी, ही विनंती."

नमुन्यात 'रजेच्या काळातील पत्ता' असा रकाना असतो. तिथे पडलेल्या घराचा पत्ता लिहू नका. ऑफिसचे पत्र त्याच पत्त्यावर जाते आणि 'घर बंद' म्हणून परत येते. साळ्याकडे किंवा गावच्या शाळेत राहत असाल तर तो पत्ता आणि चालू मोबाइल नंबर द्या.

काम लांबले तर रजा संपण्याच्या आधी मुदतवाढीचा अर्ज पोचला पाहिजे. पाऊस लागून राहिला म्हणून भिंत वाळली नाही, असे कारण असेल तर चालू कामाचे फोटो आणि गवंड्याचे सुधारित तारखांचे पत्र लावा. नियमाप्रमाणे रजा हा हक्क नाही. कामाची निकड असेल तर साहेब दिवस कमीही करू शकतो. साहेब नाही म्हणाला तर तेही लेखी मागा.

पूर्ण फाइल आम्ही एकदा तयार केली की तारखा, नावे, उतारे सगळे एकमेकांशी ताडून देतो आणि एक संच आमच्याकडे जपून ठेवतो. ऑफिसात हरवली तर दुसरी प्रत निघते. आमच्या टायपिंगच्या चुकीसाठी पुन्हा पैसे लागत नाहीत. पण तुम्ही तारखा बदलल्या तर लागतात, तो दर काउंटरवर लावलेला आहे. शेजारी कमी दरात टाइप करून देणारे आहेत, आमची ना नाही. तिथे हे ताडून पाहतात का, तेवढे विचारा.

पुराच्या दिवसांत दुकान रविवारीही उघडे असते. येताना पंचनाम्याची साक्षांकित प्रत, नमुना ८, शिधापत्रिका आणि गवंड्याचा फोन नंबर आणा. एवढे असेल तर फाइल त्याच दिवशी हातात मिळते.