खरेदीखतात आपले नाव आहे, पण सही नाही: अशा वेळी दावा कोणावर करता येतो?

आमच्या पेढीत खरेदीखत, वाटणीपत्र किंवा कर्जाचे कागद करून घ्यायला येणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी आणि निपाणी या भागांत घराची किंवा जागेची खरेदी ठरताना विक्रेत्याच्या डोक्यावर काही देणे असते, आणि ते देणे खरेदीदारानेच परस्पर भागवावे असे दोघांमध्ये ठरते. त्याप्रमाणे खताच्या मजकुरात एक वाक्य घातले जाते आणि सर्वजण निर्धास्त होतात. प्रत्यक्षात ज्याचे पैसे यायचे असतात त्याच्या हाती त्या वाक्यामुळे बहुधा काहीच येत नाही. याचे कारण काय आणि अपवाद कोणते, ते एका उदाहरणाच्या आधारे पुढे सांगितले आहे.

उदाहरण असे. निपाणीतील एका जुन्या घराच्या मालकाने तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडून 10 जून 2022 रोजी मागणीबरोबर फेडण्याच्या वचनचिठ्ठीवर 8 लाख रुपये घेतले होते. मार्च 2024 मध्ये त्याने ते घर 30 लाख रुपयांना विकले. खरेदीदाराने 22 लाख रुपये विक्रेत्याला दिले, आणि उरलेले 8 लाख व्यापाऱ्याचे देणे भागवण्यासाठी आपल्याकडे राखून ठेवले. नोंदणीकृत खतात हा मजकूर व्यापाऱ्याच्या नावासह आला, त्यावर विक्रेत्याच्या आणि खरेदीदाराच्या सह्या झाल्या. व्यापारी नोंदणीच्या दिवशी कार्यालयात आलाही नव्हता. पुढे वर्ष उलटले तरी खरेदीदाराने रुपयाही दिला नाही, तेव्हा व्यापाऱ्याने खताची प्रमाणित नक्कल काढली आणि थेट खरेदीदारावर दावा करता येईल का, असे विचारले.

निव्वळ त्या खताच्या जोरावर तसा दावा टिकत नाही. खरेदीदाराने 8 लाख देण्याचे वचन दिले हे खरे, पण ते विक्रेत्याला दिले. व्यापाऱ्याचा त्या वचनाने फायदा होणार होता, तरी वचन त्याला दिलेले नव्हते. करारातून निर्माण होणारे हक्क आणि जबाबदाऱ्या करार करणाऱ्यांपुरत्याच राहतात आणि बाहेरचा माणूस, कराराचा लाभ त्याच्याच वाट्याला येणार असला तरी, त्यावर दावा करू शकत नाही. वकील मंडळी या नियमाला ‘प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. 1911 मध्ये, ब्रिटिश काळात भारतातील खटल्यांचे शेवटचे अपील जेथे चाले त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेला जमना दास विरुद्ध राम अवतार पांडे हा खटला जवळजवळ याच घाटाचा होता. त्यात गहाण असलेली मिळकत 44 हजार रुपयांना विकली गेली होती आणि गहाण फेडण्यासाठी 40 हजार रुपये खरेदीदाराकडे ठेवले होते. गहाणदाराने, म्हणजे गहाणावर कर्ज देणाऱ्याने, ती रक्कम खरेदीदाराकडून वैयक्तिकरीत्या मागितली, पण तुमच्यात आणि खरेदीदारात करारच झालेला नाही, असे सांगून ती मागणी नाकारण्यात आली.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. कर्ज मिळकतीवर गहाण असेल, तर मिळकत कोणाच्याही हाती गेली तरी गहाणदाराला त्या मिळकतीवर जाता येते. त्याला नाकारला जातो तो खरेदीदाराच्या खिशात हात घालण्याचा हक्क. म्हणून बँकेकडे किंवा सोसायटीकडे रीतसर गहाण दिलेल्या कर्जात धनकोची बाजू भक्कम असते. आपला व्यापारी मात्र साध्या वचनचिठ्ठीवर विसंबलेला आहे, त्याचा घरावर कोणताच बोजा नाही.

काही वाचकांच्या मनात येथे वेगळीच शंका येते. व्यापाऱ्याने खरेदीदाराला काहीच दिले नाही, म्हणून त्याला दावा करता येत नाही, असे त्यांना वाटते. ते कारण नव्हे. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 2(ड) नुसार मोबदला वचन मिळवणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणीही दिलेला चालतो. 1882 च्या मद्रास येथील चिन्नय्या विरुद्ध रामय्या या खटल्यात आईने मुलीला मिळकत बक्षीस दिली आणि मुलीने त्याच वेळी आईच्या नातलगांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा लेखी करार केला. नातलगांनी मुलीला काहीच दिले नव्हते, तरी ते जिंकले, कारण मोबदला आईकडून आला असला तरी वचन थेट त्यांनाच दिलेले होते. निपाणीच्या खतात नेमके तेवढेच राहून गेले आहे.

मग व्यापाऱ्याला वाट कोणती? पहिली म्हणजे विक्रेता. त्याने घर विकले, तरी कर्ज त्याचेच राहते. मागणीबरोबर फेडण्याच्या वचनचिठ्ठीवरील दाव्याची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून 3 वर्षे, म्हणजे येथे जून 2025 पर्यंत होती, आणि खरेदीदाराची वाट पाहता पाहता अशा मुदती सरून जाताना आम्ही पाहतो. मात्र खरेदीखत येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. विक्रेत्याने स्वतःच्या सहीने त्यात व्यापाऱ्याचे देणे मान्य केले आहे, आणि मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार मुदत संपण्यापूर्वी केलेली अशी लेखी कबुली धनकोव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाला उद्देशून असली तरी ती चालते. त्यामुळे विक्रेत्याविरुद्धची मुदत मार्च 2024 पासून नव्याने 3 वर्षे धरली जाते. ज्या कागदाने खरेदीदाराविरुद्ध काही दिले नाही, त्यानेच विक्रेत्याविरुद्ध वेळ मिळवून दिला. इकडे विक्रेता स्वतः करारातील पक्षकार असल्यामुळे वचन मोडल्याबद्दल खरेदीदाराला न्यायालयात खेचू शकतो. पण ते त्याने करायचे असते, आणि पैसे घेऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या माणसाला त्याची घाई नसते.

आता उदाहरणात थोडा बदल करू. समजा, खरेदीदाराने जुलै 2024 मध्ये व्यापाऱ्याच्या खात्यात 2 लाख रुपये भरले आणि सोबत चिठ्ठी दिली की, ‘घराच्या किमतीपैकी आपल्यासाठी माझ्याकडे ठेवलेल्या रकमेतून हे पैसे देत आहे, बाकीचे 6 लाख लवकरच पाठवतो.’ एवढ्याने चित्र पालटते, आणि हाच या नियमाचा पहिला अपवाद. म्हैसूर उच्च न्यायालयाने 1952 मध्ये देवराज अर्स विरुद्ध रामकृष्णय्या या खटल्यात घरविक्रीच्या अशाच प्रसंगी निर्णय दिला. खरेदीदाराने धनकोला काही रक्कम देऊन ती विक्रीच्या किमतीतील असल्याचे कळवले होते आणि बाकी देण्याचे कबूल केले होते. मुळात दोघांत करार नव्हता, तरी या कबुलीमुळे धनकोचा दावा मान्य झाला. त्या काळी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, तरी हा निर्णय आज कर्नाटकातील न्यायालयांपुढे नियमितपणे आधार म्हणून दाखवता येतो. यातून खरेदीदारानेही बोध घ्यायचा आहे: व्यापाऱ्याला सहज पाठवलेला ‘तुमचे पैसे माझ्याकडे आहेत’ असा मोबाइलवरील संदेशही उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.

दुसरा मोठा अपवाद विश्वस्तपणाचा आणि बोज्याचा आहे. करारानेच एखादी मिळकत किंवा रक्कम त्रयस्थाच्या लाभासाठी बांधून ठेवली असेल, तर तो त्रयस्थ दावा करू शकतो. 1910 च्या ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम या खटल्यात अल्पवयीन वधूवरांच्या वडिलांनी करार केला होता की सुनेला पानदानाच्या खर्चासाठी दरमहा 500 रुपये मिळतील, आणि त्यासाठी ठरावीक मिळकत बांधली होती. करारावर सुनेची सही नव्हती, तरी ती रक्कम मिळवण्याचा तिचा हक्क प्रिव्ही कौन्सिलने मान्य केला. पण येथे शब्दरचना फार काटेकोरपणे पाहिली जाते. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर हा खटला होता. त्यात कुटुंबाच्या व्यवस्थापत्रात बँकेचे देणे एका सदस्याने फेडायचे असे होते. बँक त्या पत्रात पक्षकार नव्हती, आणि त्या मजकुराने मिळकतीवर बोजा निर्माण होत नाही, ती केवळ कुटुंबीयांमधील आपसातील जबाबदारी आहे, असे ठरले. ‘अमुकाने द्यावे’ आणि ‘अमुक मिळकतीवर बोजा राहील’ या दोन वाक्यांतील अंतर एवढे मोठे आहे.

तिसरा अपवाद घरगुती व्यवहारांचा. भावांनी वाटणीपत्रात आईच्या पोटगीची किंवा बहिणीच्या लग्नखर्चाची तरतूद केली असेल, तर सही नसतानाही आई किंवा बहीण ती मागू शकते. लग्नाच्या वेळी केलेल्या व्यवस्थेलाही न्यायालये याच नजरेने पाहतात. याशिवाय करारातील हक्क लेखी व सहीनिशी दुसऱ्याला हस्तांतरित केला असल्यास घेणारा त्यावर दावा करतो, आणि एजंटामार्फत झालेल्या करारावर मूळ मालक करतो. वाहन अपघातातील तिऱ्हाइताला विमा कंपनीविरुद्ध मिळणारे संरक्षण आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्याला दिलेली दाद या गोष्टी कायद्याने स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

निपाणीच्या खताकडे परत येऊन, ते कसे करायला हवे होते, ते सांगतो. सर्वांत बरा मार्ग म्हणजे 8 लाखांचा डिमांड ड्राफ्ट व्यापाऱ्याच्या नावाने काढून नोंदणीच्याच दिवशी देणे आणि त्याच्याकडून मूळ वचनचिठ्ठी, पैसे मिळाल्याच्या सहीसह, परत घेणे. ते शक्य नसेल तर व्यापाऱ्याला खतात तिसरा पक्षकार करावे, आणि ‘खरेदीदार व्यापाऱ्यास अमुक तारखेपर्यंत 8 लाख रुपये देण्याचे वचन देतो’ असे थेट वाक्य घालून तिघांच्या सह्या घ्याव्यात. नुसती संमतीची सही घेतली, तर पुढे वाद होऊ शकतो. व्यापारी परगावी असेल, तर विक्रेता राखून ठेवलेली रक्कम वसूल करण्याचा आपला हक्क स्वतंत्र, सही केलेल्या लेखाने व्यापाऱ्याकडे हस्तांतरित करू शकतो आणि त्याची नोटीस खरेदीदाराला द्यावी. मिळकत हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 130 खाली हे चालते. घरावर बोजा ठेवायचा असेल, तर तसे स्पष्ट शब्द हवेत आणि मिळकतीचे वर्णन पूर्ण हवे. येथे बरेचदा खत कन्नडमध्ये तयार होते, आणि मराठी वाचणाऱ्या पक्षकाराला मजकूर तोंडी सांगितला जातो. ‘राखून ठेवले’ एवढेच त्या मजकुरात आहे की ‘वचन देतो’ हेही आहे, हे सही करण्यापूर्वी ओळ दाखवून समजावून घ्या.

असा व्यवहार आधीच झाला असेल, तर खताची प्रमाणित नक्कल, वचनचिठ्ठी किंवा कर्जाचा अन्य कागद, बँक खात्याचा उतारा आणि खरेदीदाराशी झालेला लेखी व मोबाइलवरील पत्रव्यवहार घेऊन आमच्याकडे या. आम्ही आधी तारखा पाहतो, कारण दावा कोणावर करायचा हे ठरवण्यापूर्वी मुदत शिल्लक आहे की नाही हे कळावे लागते.