न्यूमोनियानंतर छातीत होणारा पू : फुप्फुसातील गळू आणि एम्पायेमा

न्यूमोनियात जंतूंमुळे फुप्फुसाच्या एका भागाला सूज येते. बहुतेक रुग्णांत योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. तसे झाले नाही, तर छातीत पू साठला आहे का हे पाहावे लागते. पू फुप्फुसाच्या आतच साठून तिथे पोकळी झाली तर ते फुप्फुसातील गळू. फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणाच्या फटीत साठला तर तो एम्पायेमा. दोन्हींचे मूळ एकच असले तरी उपचार वेगळे आहेत. गळू बहुधा श्वासनलिकेच्या एखाद्या फांदीत फुटते आणि पू खोकल्यावाटे बाहेर येतो. एम्पायेमाला अशी वाट नसते, ती बाहेरून करून द्यावी लागते.

तिसऱ्या दिवसाचा ताप

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात असा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन-तीन दवाखाने झालेले असतात. पुढचे उदाहरण एका व्यक्तीचे नाही, अशा अनेक रुग्णांत जे दिसते त्यावरून बांधलेले आहे. वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारा, कोपरखैरण्यात राहणारा ४६ वर्षांचा पुरुष. मधुमेह आहे, गोळ्या अनियमित. जुलैत थंडी वाजून ताप, खोकला आणि श्वास घेताना उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखी कळ. जवळच्या डॉक्टरांकडून पाच दिवस गोळ्या घेतल्या. पॅरासिटामॉल घेतले की ताप उतरे, संध्याकाळी पुन्हा १०२ अंश. सहाव्या दिवशी एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला, तेव्हा त्याला दाखल करून सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने सुरू झाली.

दाखल झाल्यापासून तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘कळ कमी झाली.’ घरच्यांना हायसे वाटले. पण संध्याकाळचा ताप १०१ होताच, पांढऱ्या पेशी १४ हजारांवरून १९ हजारांवर गेल्या होत्या आणि शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी चढली होती. इथे फसगत होते. आवरणाचे दोन सुजलेले पदर एकमेकांवर घासतात तोवर कळ येते. मध्ये द्रव साठला की ते दूर होतात आणि कळ ओसरते. कळ गेली, ताप राहिला आणि त्या जागी जडपणा आला, तर ती सुधारणा नव्हे. पाठीवर बोटाने ठोकल्यास तिथे बद्द आवाज येतो आणि स्टेथोस्कोपमध्ये श्वासाचा आवाज मंद होतो.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रतिजैविक बदलणे, आणि नेमका तोच वारंवार निवडला जातो. औषध बहुतेक वेळा चुकलेले नसते. पुवाने भरलेल्या बंद जागेत आम्लता वाढलेली असते, जंतूंची वाढ मंदावलेली असते आणि फायब्रिन या चिकट प्रथिनाचे पडदे असतात. तिथे बरोबर औषधही अपुरे पडते. म्हणून तिसऱ्या दिवशी पहिला प्रश्न ‘कोणते औषध?’ हा नसावा, ‘पू कुठे साठलाय?’ हा असावा. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे घाईने जोडण्यात आणखी एक धोका आहे. ती क्षयाच्या जंतूंनाही अंशतः दाबतात, त्यामुळे क्षय असलाच तर तो काही काळ झाकला जातो.

सोनोग्राफी आणि सीटी

एक्स-रेत द्रव आणि घट्ट झालेले फुप्फुस दोन्ही पांढरेच दिसतात. त्यामुळे पुढची तपासणी छातीची सोनोग्राफी. ती खाटेपाशी करता येते, आणि द्रवातले पातळ पडदे सीटीपेक्षा तिच्यात अधिक स्पष्ट दिसतात. आपल्या रुग्णात सुमारे ४ सेंटिमीटर खोल द्रव होता आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे होते. आजार पहिल्या, पातळ पाण्याच्या टप्प्यापलीकडे, म्हणजे पडदे धरण्याच्या दुसऱ्या टप्प्यात गेल्याची ती खूण. तिसऱ्या टप्प्यात फुप्फुसावर जाड साल चढते आणि ते पूर्ण फुलू शकत नाही. पहिल्यापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा प्रवास साधारण दोन ते चार आठवड्यांचा, पण त्याची गती माणसागणिक वेगळी.

शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीत गळू आणि एम्पायेमा ओळखणे सोपे जाते. गळू गोलसर, जाड व ओबडधोबड भिंतीचे, फुप्फुसातच रुतलेले आणि छातीच्या भिंतीशी टोकदार कोन करणारे. एम्पायेमा भिंगासारखा लांबट असतो, फुप्फुसाला बाजूला दाबतो आणि भिंतीशी पसरट कोन करतो. आवरणाचे दोन्ही पदर जाड होऊन उजळतात आणि त्यांच्यामध्ये द्रव दिसतो. पोकळीत हवा शिरली असेल तर साध्या एक्स-रेतही द्रव-हवेची आडवी रेषा दिसते. गळवात ती समोरून व बाजूने घेतलेल्या दोन्ही फिल्मवर साधारण सारख्या लांबीची असते, एम्पायेमात मात्र दोन्ही फिल्मवरची लांबी बहुधा वेगवेगळी असते.

द्रव काढून पाहणे

सोनोग्राफीने जागा ठरवून सुईने द्रव काढतात. सिरिंजमध्ये उघड पू आला तर निदान झाले, पीएच मोजण्याची गरज नाही. द्रव नुसता गढूळ असेल तर पीएच आणि साखर महत्त्वाची. पीएच ७.२० च्या खाली असेल, किंवा तो मोजता न आल्यास साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर नळी टाकण्याची गरज भासते. हा पीएच रक्तवायू तपासणाऱ्या यंत्रावर, हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता मोजायचा असतो. हवा राहिली तर आकडा खोटा वाढतो, भूल देण्याचे औषध मिसळले तर खोटा घटतो. कागदी पट्टीवर काढलेला पीएच इथे कामाचा नाही.

आपल्या रुग्णाचा पीएच ७.०२, साखर २८ आणि पेशींपैकी ९२ टक्के न्यूट्रोफिल आल्या. क्षयाच्या शंकेत मोजले जाणारे एडीए हे एन्झाइम ८५ आले. आपल्याकडे ४० च्या वरचे एडीए दिसले की क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याची सवय आहे. पण एम्पायेमातही एडीए बरेच चढते. द्रवात लिम्फोसाइट जास्त असतील तर हा आकडा क्षयाकडे बोट दाखवतो, न्यूट्रोफिल जास्त असतील तर त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. म्हणून क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि कल्चर दोन्ही पाठवले. सीबीनॅट नकारात्मक आले, अर्थात द्रवातल्या नकारात्मक सीबीनॅटने क्षय पूर्णपणे नाकारता येत नाही. कल्चरचा काही द्रव रक्ताच्या कल्चर बाटलीत घातला होता. साध्या कल्चरमध्ये काही वाढले नाही, बाटलीत स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस सापडला. तो सेफ्ट्रियाक्झोनला दाद देणारा होता.

नळी, आणि नळीनेही भागले नाही तर

काखेखाली, स्नायूंच्या कडांमधल्या त्रिकोणी सुरक्षित जागेतून नळी टाकतात. पूर्वी जाड नळीच हवी असे मानत. आता १२ ते १४ फ्रेंच मापाची बारीक नळीही पुष्कळदा पुरते, मात्र ती दर सहा तासांनी थोड्या सलाइनने धुवावी लागते, नाहीतर पुवाने तुंबते. नळीचे बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडलेले ठेवतात. श्वासाबरोबर पाण्याची पातळी वर-खाली होत असेल तर नळी चालू आहे. हालचाल थांबली तर नळी तुंबली, वाकली, किंवा फुप्फुस पूर्ण फुलले. यातले काय झाले ते एक्स-रे पाहिल्याशिवाय कळत नाही. बाटली छातीच्या पातळीच्या वर उचलायची नाही, आणि फार मोठा साठा असेल तर एका वेळी दीड लिटरच्या आसपास थांबायचे, कारण दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यातच पाणी भरू शकते.

पहिल्या दिवशी ६५० मिलिलिटर पू आला, दुसऱ्या दिवशी ६०, आणि मग जवळजवळ काहीच नाही. ताप मात्र राहिला. नळीतून येणे थांबले म्हणजे पू संपला, हा समज इथे नडतो. सीटीत पाठीमागे पडद्याआड वेगळा कप्पा दिसला, तिथवर नळी पोहोचलीच नव्हती.

यानंतर दोन मार्ग राहतात. एक म्हणजे नळीतून पडदे विरघळवणारे औषध देणे. केवळ स्ट्रेप्टोकायनेजने मोठ्या माणसांत फायदा होत नाही, हे ब्रिटनमधल्या २००५ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले. २०११ च्या चाचणीत अल्टेप्लेज १० मिलिग्रॅम आणि डॉर्नेज ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस अशी जोडी दिल्यावर द्रव अधिक निघाला आणि शस्त्रक्रियेची गरज घटली. ही जोडी महाग आहे आणि दोन्ही औषधे सगळीकडे सहज मिळत नाहीत. दुसरा मार्ग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पडदे तोडणे व साल काढणे. तरुण, इतर प्रकृती बरी असलेल्या रुग्णात, नळी टाकून पाच-सात दिवसांत ताप हटत नसेल, तर शस्त्रक्रियेला उशीर करण्यात माझ्या मते फारसा अर्थ नाही. साल जाड झाली की तीच शस्त्रक्रिया मोठा छेद देऊन करावी लागते.

या रुग्णाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि द्रव दिवसाला ५० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी काढली. एकूण प्रतिजैविक साडेचार आठवडे चालले. सुरुवातीला शिरेतून, मग अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या. साधारण तीन ते सहा आठवडे लागतातच, आणि ताप गेला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्यांचा आजार उलटू शकतो. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड औषधे आम्लधर्मी पुवात निकामी ठरतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवत नाहीत. या काळात साखर ताब्यात ठेवणे आणि श्वासाचे व्यायाम करणे ही उपचाराचीच अंगे. सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत आवरणाचा खालचा कोपरा थोडा जाडसर दिसतो. तेवढ्यावरून औषध लांबवायचे नसते.

गळू असेल तर

गळवाचा रुग्ण बहुधा वेगळा दिसतो. दारू पिऊन बेशुद्ध पडलेला, फिट येणारा, पक्षाघात झालेला किंवा दात-हिरड्या किडलेला माणूस. तोंडातले जंतू झोपेत वा बेशुद्धीत श्वासनलिकेत उतरतात. पडून असताना जो भाग सर्वांत खाली येतो, म्हणजे वरच्या खंडाचा मागचा भाग किंवा खालच्या खंडाचा वरचा भाग, तिथे ते साठतात. बेडक्याला इतका दुर्गंध असतो की वॉर्डात शेजारचे रुग्ण तक्रार करतात. एक्स-रेत जाड भिंतीची पोकळी आणि तिच्यात द्रवाची आडवी रेषा.

इथे बाहेरून नळी टाकण्याची घाई करायची नसते. दहापैकी आठ-नऊ रुग्ण चार ते सहा आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे होतात. त्यासाठी हवेविना जगणाऱ्या जंतूंवर चालणारी औषधे लागतात, मात्र मेट्रोनिडाझोल एकटे पुरत नाही. ताप उतरायला आठवडा-दहा दिवस लागणे इथे स्वाभाविक आहे, एम्पायेमात मात्र तेवढे थांबणे धोक्याचे. मधल्या काळात आजारी भाग वर राहील असे झोपवून, खोकून पू बाहेर काढायला शिकवतात. रक्त पडू लागले तर उलट करतात, आजारी बाजू खाली ठेवतात, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात जात नाही. बाहेरून नळी घालावी लागलीच तर श्वासनलिका आणि आवरण यांच्यात कायमची वाट पडण्याची भीती असते. ६ सेंटिमीटरहून मोठे गळू, किंवा दोन आठवड्यांनंतरही न हटणारा ताप, अशा वेळीच तिचा विचार होतो.

वरच्या खंडातली प्रत्येक पोकळी क्षय तपासल्याशिवाय साधे गळू मानू नये, त्यासाठी बेडका सीबीनॅटला पाठवतात. पन्नाशी उलटलेला धूम्रपान करणारा रुग्ण असेल, आणि दात चांगले असून, बेशुद्ध पडल्याचा इतिहास नसतानाही गळू झाले असेल, तर श्वासनलिकेत गाठ अडकून पलीकडे पू साठल्याची शंका घेऊन ब्रॉन्कोस्कोपी करतात, म्हणजे श्वासनलिका दुर्बिणीतून आतून पाहतात.