पिरियड इफेक्ट आणि कॅरीओव्हर: क्रॉसओव्हर अहवालांत सतत होणारी गफलत

ठाणे आणि नवी मुंबईतील औषधशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटते: "कॅरीओव्हरची चाचणी केली, p = ०.७७ आली, म्हणून कॅरीओव्हर नव्हता." काही प्रबंधांत पुढे असेही लिहिलेले असते की दुसऱ्या कालखंडात सर्वांचीच नाडी कमी दिसल्यामुळे कॅरीओव्हरची शंका आली होती. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे.

दोन कालखंडांच्या क्रॉसओव्हरची रचना वाचकाला माहीत आहे असे मी धरतो. अर्धे स्वयंसेवक आधी औषध अ व मग प्लासिबो ब घेतात, उरलेले अर्धे उलट क्रमाने, आणि प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते.

समजा, नेरूळमध्ये १२ स्वयंसेवकांवर नाडी मंदावणाऱ्या औषधाचा अभ्यास झाला. पहिला कालखंड मे महिन्याच्या उकाड्यात पार पडला आणि दुसरा जूनच्या पावसात. अ-ब गटाची सरासरी नाडी आधी ७२ व मग ७४ भरली, तर ब-अ गटाची आधी ७८ व मग ६८. अ-ब गटात पहिल्या वजा दुसऱ्या कालखंडाचा फरक उणे २ येतो, ब-अ गटात अधिक १०. या दोन फरकांच्या वजाबाकीचा अर्धा भाग, म्हणजे उणे ६ ठोके, हा औषधाचा परिणाम होय. हवामान बदलल्याने किंवा मोजमापाची सवय झाल्याने दुसऱ्या कालखंडात नाडी ४ ठोक्यांनी उतरली. हाच पिरियड इफेक्ट. तो दोन्ही गटांना सारखाच लागतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. त्याला वॉशआउटची गरज नसते, तो विश्लेषणात धरावा लागतो एवढेच. न धरता साधी जोडीची टी-चाचणी केली आणि ब-अ गटातले दोघे गळाले, तर उरलेल्या चौघांची सरासरी तीच राहिली तरी उत्तर उणे ६ ऐवजी उणे ५.२ येते.

कॅरीओव्हर मात्र एकाच गटाला लागतो. अ चा अंमल पुरता उतरला नसेल, तर अ-ब गटाची दुसऱ्या कालखंडातली नाडी ७४ ऐवजी ७१ दिसेल. मग त्याच गणिताने परिणाम उणे ४.५ येतो, म्हणजे औषध आहे त्यापेक्षा दुबळे ठरते. ही चूक आकड्यांतून काढून टाकता येत नाही, कारण या रचनेत कॅरीओव्हर, गटांमधला मूळचा फरक आणि औषध व कालखंड यांची परस्परक्रिया ही तिन्ही एकाच जागी उमटतात.

कॅरीओव्हरची चाचणी खरा कॅरीओव्हर का पकडू शकत नाही, हेही याच आकड्यांत दिसते. ती प्रत्येकाच्या दोन्ही कालखंडांतल्या नाडीची बेरीज करून दोन गटांची तुलना करते. इथे त्या बेरजा १४३ आणि १४६ आहेत, म्हणजे फरक ३ चा. पण ही तुलना माणसामाणसांतली आहे. बेरजेचे प्रमाण विचलन १८ धरले, तर सहा-सहा जणांच्या गटांत या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १०.४ येते. तीन ठोक्यांचा खरा कॅरीओव्हर त्यात बुडून जातो. ग्रिझल यांनी १९६५ मध्ये सुचवलेली पद्धत अशी होती, की आधी ही चाचणी करावी आणि ती लक्षणीय आली तर फक्त पहिला कालखंड वापरावा. फ्रीमन यांनी १९८९ मध्ये दाखवले की त्यामुळे चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता ठरवलेल्या ५ टक्क्यांहून वाढते. कारण सरळ आहे: योगायोगाने बेरजा दूर गेल्या, तर पहिल्या कालखंडाचे आकडेही बहुधा त्याच दिशेने गेलेले असतात. माझे मत ठाम आहे: ही चाचणी करूच नये.

म्हणून कॅरीओव्हरचा बंदोबस्त आधीच, वॉशआउट ठरवताना करावा लागतो. पाच अर्धायुकाळांनंतर रक्तात सुमारे ३ टक्के औषध उरते, हा नियम सर्वांना पाठ असतो, पण तो रक्तातल्या पातळीचा आहे, परिणामाचा नाही. ॲस्पिरिनचा अर्धायुकाळ सुमारे २० मिनिटांचा आहे, मात्र त्याने निकामी केलेल्या प्लेटलेट पुन्हा कार्यक्षम होत नाहीत. त्या बदलून नव्या यायला ७ ते १० दिवस जातात, म्हणून प्लेटलेटच्या अभ्यासात वॉशआउट या दिवसांवरून ठरवावा.

R मध्ये विश्लेषणाला एवढे पुरते:

```
lmerTest::lmer(hr ~ treatment + period + sequence + (1 | subject), data = d)
```

यातल्या `sequence` च्या p वर कोणताही निर्णय घेऊ नये. अहवालात वॉशआउट किती दिवसांचा व का, प्रत्येक क्रमात किती जणांनी दोन्ही कालखंड पूर्ण केले, चारही सरासऱ्या आणि फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल द्यावा. दोन्ही कालखंडांत डोसच्या आधीची नाडी घेतली असेल, तर तिच्यातला बदल गटवार छापावा. तो त्याच माणसाच्या आतला असल्यामुळे, अ-ब गटातच नाडी उतरलेली असेल तर उरलेला अंमल वाचकाला बेरजांपेक्षा तिथे अधिक स्पष्ट दिसतो.